अक्कलकोट रोडची टँकर-शेड : १४, १७ की २० फूट?

मालक पहिल्यांदा आले तेव्हा हातात ठेकेदाराचं एक पानी कोटेशन होतं. ४० बाय ६० ची शेड, १४ फूट उंची, दर्शनी बाजूला मधोमध १२ बाय १२ चं शटर, छपरात आठ पारदर्शक पत्रे, वर सहा टर्बो पंखे, दीड फूट जोतं. बाकी सगळं 'नेहमीप्रमाणे'. मालकांची स्वतःची मागणी एकच होती. "सर, उंची तेवढी वीस फूट करा. आत्ताच्या भाड्याच्या शेडात मे महिन्यात डोकं भाजून निघतंय बघा."

काम काय, तर ट्रॅक्टरमागे ओढायचे पाण्याचे टँकर, ५ हजार लिटरचे. अधूनमधून टिपिंग ट्रॉल्या. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा आला की या टँकरला गिऱ्हाईक असतंच. प्लॉट अक्कलकोट रोडच्या औद्योगिक भागातला, १००० चौरस मीटरचा. पूर्वेला रस्ता, रस्त्याकडची बाजू २५ मीटर, खोली ४० मीटर. म्हणजे फुटात साधारण ८२ बाय १३१.

कोटेशनवर काही बोलण्याआधी मी त्यांच्या भाड्याच्या शेडात दुपारी तीनला जाऊन बसलो. दोन तासांत जे दिसलं त्यावरच पुढचं सगळं बेतलं. लोखंडाची गाडी आली, ती आत जाईना म्हणून रस्त्यावरच उभी राहिली, आणि २० फुटी अँगल आणि पाइप चार जणांनी खांद्यावर आत नेले. तयार टँकर लांबच्या गावी पाठवायचा होता, त्यासाठी हायड्रा क्रेन भाड्याने मागवली होती. ती येईपर्यंत ट्रकवाला पारावर बसल्यासारखा पायरीवर बसून होता. आणि वेल्डिंग करणारे चाचा छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून पडलेल्या उन्हाच्या चौकोनातून आपलं काम दर अर्ध्या तासाने सरकवत होते.

मग मी मालकांना विचारलं, नव्या शेडात टँकर ट्रकवर कोण चढवणार? हायड्राच, असं उत्तर आलं. मी म्हटलं, आत गर्डरवर सरकणारं, २ टन उचलणारं होईस्ट बसवलं तर? टाकीचा पत्रा ४ मिलिमीटरचा धरला तर नुसती टाकी पावणेसहाशे किलोच्या आसपास भरते, खालची चासी धरून बाराशेच्या आत. २ टन पुरून उरतं. मालक तयार झाले, आणि तिथून उंचीचा प्रश्न उन्हाचा न राहता ट्रकचा झाला.

उभा छेद

लहान शेडचा नकाशा लोक वरून काढतात, लांबी बाय रुंदी. मी आधी उभा छेद काढतो, कारण पैसे आणि पस्तावा दोन्ही तिथेच असतात. जमिनीवर खडूने रेघा मारून आम्ही ट्रकची बेरीज केली. ट्रकच्या हौद्याचा तळ जमिनीपासून ४ फूट. त्यावरून टाकी अर्धा फूट मोकळी सरकली पाहिजे. चाकं काढलेला टँकर, चासीसकट, ६ फूट उंच. त्याच्या वर साखळीची ओढ ३ फूट. साखळी फार आखूड केली तर तिचा कोन पसरट होतो आणि टाकीच्या कड्यांवर ताण वाढतो, म्हणून इथे हात आखडता घेता येत नाही. हूक आणि होईस्ट मिळून गर्डरच्या तळापर्यंत २ फूट. झाले साडेपंधरा. गर्डर स्वतः १ फुटाचा, आणि तो कैचीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याला, टांगायला अर्धा फूट. एकूण १७ फूट.

ही १७ फूट म्हणजे जमिनीपासून कैचीच्या खालच्या दांडीपर्यंतची मोकळी उंची. ठेकेदाराची १४ फूट ही वळचणीची उंची होती, म्हणजे पत्रा जिथे भिंतीला भेटतो तिथली. त्या वळचणीखाली कैचीची दांडी आणखी फूटभर उतरते. म्हणजे हातात उरत होती १३. कोटेशनमध्ये नुसतं 'उंची' लिहिलेलं असेल तर ती कुठून कुठपर्यंत, हे लिहून घ्यावं. मी पाहिलेल्या निम्म्या भांडणांचं मूळ या एका शब्दात आहे.

आता गंमत बघा. ही बेरीज टँकर ट्रकच्या मागून चढवायचा, असं धरून आहे. बाजूने चढवायचा तर ३ फुटी फाळका ओलांडावा लागतो, म्हणजे १७ अधिक ३, वीस. मालकांचे वीस फूट बरोबर आले, फक्त कारण वेगळं! त्यांनी लगेच टाळी मागितली. पण या तीन फुटांची किंमत मोजून दाखवावी लागली. शेडचा घेर २०० फूट, म्हणजे ३ फुटांना ६०० चौरस फूट जास्तीचा पत्रा. तेही चालेल एक वेळ. खरा भार वाऱ्याचा. कॉलम जमिनीत घट्ट रोवलेला खांब मानला, तर वाऱ्याने त्याच्या बुडाशी येणारी मोड, म्हणजे त्याला वाकवणारा जोर, उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० चा वर्ग ४००, १७ चा २८९. सुमारे ३८ टक्के जास्त मोड, तितका जाड कॉलम आणि तितका मोठा पाया, तोही काळ्या मातीत. ट्रक मागून भरला तर हे सगळं वाचतं. गर्डर ट्रकच्या लांबीच्या दिशेने टाकायचा, टँकर शेडच्या आतल्या टोकाला जमिनीवर ठेवायचा, ट्रकने फाळका पाडून मागे यायचं, आणि होईस्टने टाकी शेपटाकडून हौद्यावर सरकवायची. मर्यादा एवढीच, की वर आडव्या दांड्या असलेली फुल बॉडी गाडी चालत नाही. उघड्या हौद्याचीच मागवावी लागते. मालकांनी विचार करून १७ कबूल केले.

ट्रक कुठून शिरणार

मधोमध शटर दिसायला छान दिसतं. पण ४० फुटांच्या मधोमध ट्रकची वाट ठेवली की दोन्ही बाजूंना तेरा-तेरा फुटांच्या पट्ट्या उरतात. टँकर चासीसकट लांबीला दहा-बारा फूट असतो. तो आडवा ठेवला की भोवती फिरायला जागा नाही. म्हणून शटर दक्षिणेच्या भिंतीकडे सरकवलं. ट्रकची रुंदी नियमाने जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट धरले की साडेचौदा फुटांची पट्टी ट्रकची, आणि उत्तरेला २५ फूट सलग जागा कामाची. तेवढ्यात टँकर दोन रांगांत बसतात आणि मधून हातगाडी जाते.

दक्षिणच का, याला दोन कारणं. उजेडाचं पुढे सांगतो. दुसरं ड्रायव्हरचं. गाडी रस्त्यावरून रिव्हर्समध्ये आत येते तेव्हा तोंड पूर्वेला असतं, आणि आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. पूर्वेकडे तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला. म्हणजे जी बाजू अडचणीची, भिंतीची आणि कॉलमची, तीच त्याच्या खिडकीखाली. अंतर त्याला डोळ्यांनी दिसतं. उलट केलं असतं तर क्लिनरच्या "येऊ दे, येऊ दे" वर भरवसा ठेवावा लागला असता, आणि त्या आवाजाने किती कॉलम वाकलेत ते मी पाहिलंय.

शेड मागच्या हद्दीपासून १६ फुटांवर घेतली, त्यामुळे पुढे ५५ फूट अंगण उरलं. दहा चाकी गाडी ३०-३३ फुटांची. ती अंगणात सरळ उभी राहते, पण वळत नाही. तिला पूर्ण फिरायला सुमारे ८० फूट व्यासाचं वर्तुळ लागतं. म्हणून वळणाचा नाद सोडला आणि प्लॉटचं फाटक शटरच्या अगदी रेषेत आणलं, २० फूट रुंद. गाडी रस्त्यावरच तिरकी होते, एकदा सरळ झाली की थेट आत. शटर १४ फूट रुंद ठेवलं, कारण आरसे धरून गाडी १० फुटांपर्यंत जाते आणि दरवेळी ती काटकोनातच येईल असं नाही. दोन्ही कडांना काँक्रीट भरलेले जाड पाइप, कंबरेएवढे.

शटरच्या उंचीत मात्र एक खाच आहे, ती मला वाटतं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नियमाने मालवाहू ट्रकची उंची ४ मीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणजे १३ फूट दीड इंच. १४ फुटांचं शटर पुरेल असं वाटतं. पण जोतं दीड फूट आणि पुढे १० फुटांचा रॅम्प असेल, तर मागची चाकं जोत्यावर पोचतात तेव्हा पुढची चाकं अजून रॅम्पच्याही अलीकडे, अंगणात असतात. गाडी पुढे झुकते आणि शेपूट वर उचललं जातं. दोन चाकांमधलं अंतर १६ फूट आणि मागे लोंबणारा भाग ८ फूट धरला, तर दीड फुटाच्या निम्मं, म्हणजे ९ इंच शेपूट वर. १३ फूट दीड इंच आणि ९ इंच, झाले १३ फूट साडेदहा. दीड इंच उरला. एखाद्या खड्ड्यात उसळी बसली की शटरची पेटी गेली.

आम्ही जोतं ९ इंचांवर आणलं आणि रॅम्प १५ फुटांचा केला. शेपटाचा उचलाव साडेचार इंचांवर आला. जोतं उंच ठेवण्याचं कारण पावसाचं पाणी हेच असतं. ते अडवायला शटरसमोर आडवी जाळीची नाली टाकली आणि दोन्ही वळचणींना पन्हळ दिली. शटरची गुंडाळी वर दोन फूट जागा खाते, १४ ते १६ मध्ये. म्हणून होईस्टचा गर्डर शटरपासून ३ फूट आत थांबवला. फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरणं, ट्रकच्या पट्टीत काँक्रीट जाड घेणं, हे नेहमीचंच, त्यावर वेळ घालवत नाही.

गर्डर दक्षिण भिंतीपासून सव्वासात फुटांवर आला, हेही बरं झालं. ४० फुटांच्या कैचीला मधोमध टांगलं असतं तर भार दोन्ही कॉलमना निम्मा गेला असता पण कैचीच्या पोटात मोठी मोड आली असती. कडेला टांगल्याने ८० टक्क्यांहून जास्त भार सरळ जवळच्या कॉलमात उतरतो. १५-१५ फुटांवर पाच कैच्या आहेत. फक्त हे कैच्या बनवायच्या आधी ठरायला हवं. शेड उभी झाल्यावर "एक गर्डर तेवढा लटकवून द्या" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो.

पत्रा आणि डोक्यावरचं ऊन

आता मालकांची मूळ तक्रार. उंची वाढवली की गरमी कमी होते, हे सोलापुरात प्रत्येक जण सांगतो. थोडं खरं आहे. मे महिन्यात दुपारी साधा पत्रा ६० ते ७० अंशांवर जातो आणि खाली उष्णता फेकतो. ती हवेतून नव्हे, किरणांनी येते, तव्यासमोर उभं राहिल्यासारखी. तवा लहान असेल तर दोन पावलं मागे सरकून सुटका होते. इथे तवा ४० बाय ६० चा आहे. शेडच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरच्या आभाळातला किती हिस्सा पत्र्याने व्यापलाय, याचा हिशेब केला. १४ फुटांना सुमारे ९० टक्के, २० फुटांना ७५. सहा फूट उंची वाढवून फायदा एक षष्ठांश. उरलेल्या भागात तापलेल्या भिंती आहेतच. त्यापेक्षा पत्रा कमी तापवणं आणि त्याची खालची बाजू झाकणं हे कितीतरी स्वस्त.

म्हणून पत्रा ०.५० मिलिमीटरचा, गॅल्व्हल्यूमवर फिकट पांढरा रंग. मालकांना निळा हवा होता, शेजारच्यासारखा. निळा तापतो. त्याखाली पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या दांड्यांवर, तारेची जाळी ताणून ५० मिलिमीटर ग्लासवूल, चकचकीत फॉइलची बाजू खाली. फॉइल स्वतः उष्णता फार कमी फेकतं, सगळी जादू त्यातच आहे. ठेकेदार म्हणाला, बबलचं फॉइल लावू, निम्म्यात होईल. ते प्लास्टिक आहे आणि पेटतं. जिथे रोज गॅस कटिंग चालतं तिथे छपराखाली प्लास्टिक नको, यावर मी अडून बसलो.

छपराचा उतार पाचास एक ठेवला. वळचण १८ फुटांवर, आढं २२ वर. एका बाजूची लांबी उतारावर वीस फूट पाच इंच, बाहेर दोन फूट झडप, म्हणजे साडेबावीस फुटी अखंड पत्रा. मध्ये आडवा जोड नाही, तर गळायला जागा नाही. पत्रा मशिनवर हव्या त्या लांबीचा कापून मिळतो. तरी लोक १२-१० चे तुकडे जोडतात आणि पावसाळाभर डांबर थापत बसतात. गळण्याचं दुसरं ठिकाण स्क्रू. नाळेत नाही, उंचवट्यावर मारायचा, आणि रबरी वॉशर किंचित फुगेल इतकाच आवळायचा. बाहेर पसरून चिरलेला वॉशर दिसला तर त्या माणसाच्या हातातलं मशिन काढून घ्यावं. मी शिडीवर चढून पहिल्या तीन ओळी स्वतः तपासल्या, चौथीपासून स्क्रू मारणाऱ्या मुलाचा हात बसला.

उजेड

कोटेशनमधले आठ पारदर्शक पत्रे म्हणजे आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड पट्ट्या. प्रत्येकी ६५ चौरस फूट, एकूण सव्वापाचशे, म्हणजे फरशीच्या २२ टक्के. सोलापूर सतरा अंश चाळीस मिनिटांच्या अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. त्या उन्हात स्वच्छ पारदर्शक पत्र्यातून दर चौरस मीटरला सातशे वॅटच्या आसपास उष्णता आत येते. सव्वापाचशे चौरस फूट म्हणजे ४९ चौरस मीटर. साधारण ३५ किलोवॅट. एक-एक किलोवॅटच्या ३५ शेगड्या छपराला उलट्या टांगल्यात असं समजा, असं मालकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले.

आणि एवढं करून काम करणाऱ्याला दिसत नाही, हा खरा विनोद. चाचांचा उन्हाचा चौकोन आठवा. लख्ख उन्हात पडलेल्या पत्र्यावर खडूची रेघ दिसत नाही, आणि त्या चौकोनाशेजारी सावलीत डोळे मिटल्यासारखे होतात. हवा असतो पसरलेला उजेड. म्हणून दुधी पॉलिकार्बोनेट, फक्त उत्तरेकडच्या उतारावर, आणि फक्त पाच तुकडे, ८-८ फुटांचे. एकूण १३१ चौरस फूट, साडेपाच टक्के. हे तुकडे आढ्याच्या पट्टीखालून सुरू होतात आणि खालचं टोक धातूच्या पत्र्यावर चढतं, म्हणजे आडवा जोड एकच आणि पाणी वरून खाली वाहतं. दुधी पत्रा निम्माच उजेड सोडतो, पण उन्हाळी दुपारी बाहेर लाखभर लक्स असतात, त्यातून फरशीवर हजाराच्या वर येतात. सकाळी आठलाही तीनशेच्या आसपास, मार्किंगला पुरेसे.

शिवाय उत्तर भिंतीला वळचणीखाली ३ फूट उंच दुधी पट्टी, लांबीभर. उत्तरेचा उजेड सौम्य असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण सोलापुरात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी किंचित उत्तरेला असतो. त्या काळात सकाळ-संध्याकाळी तिरकं ऊन उत्तर भिंतीवर येतं. दुपारचं ऊन दोन फुटी झडप अडवते, तिरकं नाही, म्हणून तिथेही स्वच्छ काच न घालता दुधी. कामाची २५ फुटी पट्टी उत्तरेला आणि ट्रकची दक्षिणेला, याचं राहिलेलं कारण हेच. उजेड माणसांना हवा, ट्रकला नाही.

प्रत्येक दुधी तुकड्याखाली तारेची जाळी आहे. दुधी पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, आणि धूळ बसली की वरून तो लोखंडी पत्र्यासारखाच दिसतो. पन्हळ साफ करायला चढलेला पोरगा त्यातूनच खाली येतो.

हवा

सहा टर्बो पंखे. प्रत्येकाचं भोक २ फूट व्यासाचं, म्हणजे ३.१४ चौरस फूट. सहांचं मिळून १९. वारा असेल तेव्हा ते छान फिरतात आणि ओढतातही. पण मे महिन्यात दुपारी वारा पडतो, आणि तेव्हा टर्बो म्हणजे नुसतं भोक. त्या वेळी हवा वर जाते ती फक्त गरम हवा हलकी म्हणून. तिला दोनच गोष्टी लागतात: वर मोठं तोंड आणि खाली त्याहून मोठं तोंड.

आम्ही टर्बो काढून टाकले आणि आढ्यावर लांब झरोका ठेवला. ५४ फूट लांब, दीड फूट रुंद तोंड, ८१ चौरस फूट, वर टोपी. खाली उत्तर आणि दक्षिण भिंतीत ३ ते ७ फुटांच्या दरम्यान प्रत्येकी ४० फूट लांबीची लूव्हरची पट्टी. लूव्हरची निम्मी जागा पात्यांत जाते, उरतात दोन्ही मिळून १६० चौरस फूट. वरचं आणि खालचं तोंड यांत साडेसतरा फुटांचं अंतर आणि आतली हवा बाहेरपेक्षा ५ अंशांनी गरम, असं धरलं तर तासाला तेरा-चौदा वेळा शेडमधली हवा बदलते. त्याच परिस्थितीत सहा टर्बो साडेतीन-चार वेळा. उंचीचा उपयोग इथे होतो, पण त्याचं वर्गमूळ निघतं. तोंड दुप्पट केलं की हवा दुप्पट, उंची दुप्पट केली की दीडपटही नाही.

एका बाबतीत चाचांनी मला थांबवलं. त्यांच्याकडे सीओटू वेल्डिंग आहे. "साहेब, खालून वारा घेताय, पण आषाढातला वारा गॅस उडवतोय. मग सगळ्या टाक्यांना ब्लोहोल." बरोबर होतं. वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या पुढे गेला की नोजलभोवतीचा गॅस विस्कटतो आणि वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात. पाण्याच्या टाकीला तो दोष लगेच कळतो, टाकी पाझरते. नुसत्या गरम हवेच्या ओढीने लूव्हरमधून वेग अर्ध्या मीटरच्याही आत राहतो, त्याचा त्रास नाही. त्रास पावसाळी पश्चिमेच्या वाऱ्याचा. म्हणून पश्चिम भिंतीला लूव्हर दिलंच नाही, बाकीच्या पट्ट्यांना खालून वर बंद होणारे पत्र्याचे दरवाजे दिले, आणि वेल्डिंगची जागा उत्तर-पूर्व कोपऱ्यात घेतली, भोवती कंबरेच्या वर पडदे.

जे चुकलं

शेड उभी झाल्यावर पहिला वळीव आला तो मेच्या शेवटी, संध्याकाळी. मालकांचा फोन आला, "सर, झरोक्यातून पाणी पडतंय." जाऊन पाहिलं तर फरशीवर आढ्याच्या बरोबर खाली ओली रेघ. पश्चिमेच्या टोकापासून दुसऱ्या कैचीपर्यंत जाड, पुढे विरळ होत गेलेली. रेघेनेच सगळं सांगितलं. टोपी दोन्ही बाजूंनी पुरेशी रुंद होती, बाजूने पाणी येत नव्हतं. आढं पूर्व-पश्चिम, वारा पश्चिमेचा, आणि मी झरोक्याचं पश्चिमेचं टोक उघडं ठेवलं होतं. वारा नळीत शिरल्यासारखा टोपीखालून लांबीभर धावला आणि पाऊस घेऊन आला. चूक माझी. ड्रॉइंगमध्ये बाजूचा छेद होता, टोकाचा नव्हता. दोन्ही टोकं पत्र्याने बंद केली आणि आत दर १५ फुटांवर, प्रत्येक कैचीवर, आडवे पडदे घातले. जूनमध्ये पुन्हा पश्चिमेचा जोर झाला तेव्हा चार थेंब पडले, ते चालतात. खाली विजेचं पॅनल नाही, एवढं बघितलंय.

दुसरी गोष्ट जानेवारीत कळली. गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, सकाळी, आतल्या पश्चिम टोकाला अंधार वाटतो अशी तक्रार आली. पाच दुधी तुकडे मी सारख्या अंतरावर टाकले होते. पण पूर्वेला शटर उघडं असतं आणि तिथे उजेडाची कमी नसते. दोन तुकडे पश्चिमेकडे सरकवायला हवे होते. आता तिथे दिवा लागतो. आणि उजेड तेवढाच राहत नाही. कटिंगचा धूर आणि ग्राइंडिंगची धूळ दुधी पत्र्यावर आतून बसते. वर्षाने मोजलं तर जवळपास एक तृतीयांश कमी भरला, पुसल्यावर बराचसा परत आला. पुसायला फिरता मचाण लागतो, तो हिशेबात धरला नव्हता.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात दुपारी तीनला डोक्याच्या उंचीवर थर्मामीटर टांगून ठेवला होता. बाहेर सावलीत ४२, आत ४३. जुन्या शेडात त्याच आठवड्यात ४६ होतं. आकड्यात तीन अंश. चाचांना विचारलं तर म्हणाले, "अंश-बिंश माहीत नाही, पण आता डब्बा खायला बाहेर लिंबाखाली जात नाही." ते ट्रकच्या रिकाम्या पट्टीत बसतात, होईस्टच्या खाली, दक्षिणेच्या लूव्हरला पाठ लावून. ती भिंत दुपारी तापते, तिथे ग्लासवूल नाही. मालक आता त्यासाठी दर विचारतायत.

शटरच्या उजव्या पाइपाला, ड्रायव्हरच्या बाजूला, आत्तापर्यंत एकही ओरखडा नाही. डाव्या पाइपावर पिवळ्या रंगाचे तीन आहेत.